शून्य पूर्णांक शून्य शून्य

रायपूरच्या समता कॉलोनीत आमची लॅब आहे. खाली लॅब, वर घर. वर फोडणी करपली की खाली रक्त द्यायला बसलेल्या पेशंटला आधी कळतं. फ्री लाइट चेनची तपासणी आम्ही स्वतः करत नाही. त्याचं यंत्र आणि किट आमच्या आवाक्याबाहेरचं. आम्ही रक्त घेतो, सीरम वेगळं करतो आणि थंड पेटीतून बाहेरगावच्या मोठ्या लॅबकडे रवाना करतो. रिपोर्ट त्यांचा असतो, पण तो समजून घ्यायला लोक आमचाच जिना चढतात. आणि मराठी घर असेल तर चहाच्या वेळेलाच येतात. समजावून सांगता सांगता मलाच जे उमगत गेलं, ते असं.

१. रेशो शून्याकडे गेला म्हणजे आजार शून्याकडे गेला, असं अजिबात नाही. कॉलोनीतलेच एक काका, साठी ओलांडलेले, निवृत्त. त्यांचा मुलगा रिपोर्ट घेऊन आला तेव्हा चक्क हसतमुख होता. "ताई, कॅन्सरची तपासणी म्हणून डॉक्टरांनी घाबरवलं होतं, पण हे बघा, रेशो शून्य पूर्णांक शून्य शून्य. शेजारी 'लो' लिहिलंय." मी कागद हातात घेतला. कॅपा ८.२, लॅम्डा २४६०, दोन्ही मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये.

कॅपा आणि लॅम्डा हे लाइट चेनचे दोन प्रकार, आणि रेशो हा त्यांचा साधा भागाकार आहे. कॅपा वर, लॅम्डा खाली. निरोगी माणसात कॅपा साधारण ३.३ ते १९.४, लॅम्डा ५.७ ते २६.३ आणि रेशो ०.२६ ते १.६५. प्लाझ्मा पेशींचं एखादं बिघडलेलं घराणं कॅपा बनवत सुटलं, की रेशो १.६५ च्या वर चढतो. दोनशे होऊ शकतो, दोन हजारही. कोणीही बघून दचकेल. पण तेच घराणं लॅम्डाचं असलं, की आकडा खाली घसरतो, आणि खाली घसरायला जागा किती? ०.२६ पासून शून्यापर्यंत. सगळा उत्पात तेवढ्या बोळात मावतो. काकांचा खरा रेशो ०.००३३, छापताना दशांशाची दोनच स्थळं ठेवली, म्हणून उरले ०.००.

तेव्हापासून मी आधी रेशोकडे बघतच नाही. आधी दोन मूळ आकडे वाचते. मग बिघडलेल्या बाजूला शाबूत बाजूने भागते. इथे २४६० भागिले ८.२, म्हणजे ३००. आंतरराष्ट्रीय मायलोमा गटाने २०१४ मध्ये जे निकष ठरवले, त्यांत हा उलटासुलटा भागाकारच धरलाय: बिघडलेली बाजू शाबूत बाजूच्या किमान शंभरपट आणि स्वतः किमान १०० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल, शिवाय बोनमॅरोमध्ये त्या एकाच घराण्याच्या प्लाझ्मा पेशी १० टक्के किंवा जास्त सापडल्या, तर हाडं-मूत्रपिंडं अजून ठीक असली तरी तो मायलोमाच समजायचा. मुलाला हे सांगताना त्याचं हसू मावळत गेलं. अशा वेळी आपण डॉक्टर का झालो, असं वाटतं.

२. उत्तर पुष्कळदा आधीच्या स्वस्त कागदांत पडलेलं असतं. काकांची फाइल मागवली. कंबरदुखी महिनोन्महिने, पट्टा बांधून झालेला, शेक घेऊन झालेला, दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या दुकानातून आणून बेहिशेब खाऊन झालेल्या. हिमोग्लोबिन ८.९, क्रिएटिनिन २.१. एकूण प्रोटीन ६.२, अल्ब्युमिन ४.१. वजाबाकी केली की ग्लोब्युलिन उरतं २.१. हा आकडा कमी आहे, आणि ज्यांना मायलोमा म्हणजे वाढलेलं ग्लोब्युलिन एवढंच पाठ आहे, त्यांचा इथेच घात होतो. सीरम इलेक्ट्रोफोरेसिसही झालं होतं. त्यावर शेरा होता, 'एम-बँड आढळला नाही.' शेरा खराच होता. फक्त त्याच आलेखात गॅमाचा उंचवटा जवळजवळ सपाट झाला होता, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मायलोमाच्या पाच-सहा रुग्णांमागे एकात पेशी अख्खी अँटिबॉडी बनवतच नाहीत. नुसत्या सुट्या लाइट चेन बनवतात. त्या आकाराने लहान, मूत्रपिंडातून भराभर गाळल्या जाणाऱ्या. रक्तात त्यांचा साठा होत नाही, म्हणून इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर ठळक रेघ उमटत नाही. वरून नेहमीच्या अँटिबॉडीज दबलेल्या, म्हणून ग्लोब्युलिन कमी. साठीतला माणूस, रक्त कमी, क्रिएटिनिन वाढलेलं, हाडं दुखतायत आणि ग्लोब्युलिन उलट घटलेलं, अशी चौकडी दिसली की आता माझे कान टवकारतात. त्या गोळ्यांचं म्हणाल, तर लाइट चेनच्या माऱ्याखाली आधीच दमलेल्या मूत्रपिंडाला त्याच गोळ्या शेवटचा धक्का देऊ शकतात. कंबर दुखते म्हणून गोळी, आणि कंबर ज्यामुळे दुखते तोच आजार गोळीची वाट बघत बसलेला.

३. लघवीची रंगीत पट्टी इमानदार आहे, पण तिला एकच ओळखता येतं. काकांच्या लघवीच्या तपासणीत प्रोटीन 'ट्रेस', म्हणजे नाममात्र. त्याच लघवीचं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर मात्र ३.८. दोन्ही एकाच दिवशीचे, एकाच बाटलीतले. हा विसंवाद म्हणजेच निदानाची चाहूल. पट्टीचा रंग मुख्यतः अल्ब्युमिनमुळे बदलतो. लाइट चेन तिच्या समोरून निघून गेली तरी तिला पत्ता नसतो. आमच्याकडे सल्फोसॅलिसिलिक ॲसिडची बाटली कपाटात मागे पडलेली असते. गाळलेल्या लघवीत त्याचे थेंब टाकले आणि नळी पांढरीफटक झाली. पट्टी पिवळट, नळी पांढरी, दोन्ही शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत राहिले.

मग हौस म्हणून जुनी उष्णतेची चाचणीही केली. आजकाल ती कोणी करत नाही, आणि न करण्याची कारणं रास्त आहेत. बऱ्याच लाइट चेन तिला सापडतच नाहीत. पण आमचे टेक्निशियन काका जुन्या वळणाचे, त्यांचे डोळे चमकले. लघवीत आम्लधर्मी बफर घातलं, नळी ५६ अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवली. तळाशी दही विरजल्यासारखा गढूळपणा आला. मग नळी उकळत्या पाण्यात. दोन-तीन मिनिटांत टेक्निशियन काका ओरडले, "मॅडम, साफ हो गया!" साधं प्रोटीन उकळल्यावर घट्ट होतं, हे उकळल्यावर विरघळतं आणि निवताना पुन्हा गढूळ होतं.

हा तऱ्हेवाईकपणा पहिल्यांदा टिपला गेला तो १८४५ मध्ये लंडनला. थॉमस ॲलेक्झांडर मॅकबीन नावाचे किराणा व्यापारी हाडांच्या असह्य दुखण्याने अंथरुणाला खिळले होते. त्यांचे डॉक्टर वॉटसन आणि मॅकइंटायर यांनी लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनात मुरलेल्या तरुण डॉक्टरकडे पाठवला. मॅकबीन १ जानेवारी १८४६ ला गेले. नळी तापवून बघितली होती ती मॅकइंटायर यांनी, पण प्रोटीनला नाव चिकटलं बेन्स जोन्सचं. ते नेमकं काय आहे, हे कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षं लागली. १९६२ मध्ये एडेलमन आणि गॅली यांनी दाखवून दिलं की ही अँटिबॉडीचीच लाइट चेन. नमुना पाठवणाऱ्याचं नाव मागे पडतं, हे वाचून एक छोट्या लॅबची मालकीण म्हणून मला थोडा आकस वाटला, हे कबूल करायला हरकत नाही.

४. चोवीस तासांची लघवी गोळा करणं हे विज्ञान कमी आणि गृहशास्त्र जास्त आहे. सांगायला सोपं: सकाळी सहाची पहिली लघवी टाकून द्यायची, नंतरची प्रत्येक कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची शेवटची धरून कॅन बंद. कॅन थंड जागी ठेवायचा. थंड जागा म्हणजे फ्रिज, आणि मे महिन्यातल्या रायपुरात दुसरी थंड जागा नाही. काकांच्या घरी आजी होत्या. नैवेद्याचं दूध ज्या फ्रिजमध्ये, त्यात हा कॅन? त्यांनी मला फोन करून विचारलं, "तुझ्या घरी ठेवशील का?" मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. शेवटी थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून ती मोरीत ठेवली. आता आम्ही कॅनबरोबर पेटीही देतो. लघवी पूर्ण आली की मधे संडासात वाहून गेली, हे त्याच कॅनमधलं क्रिएटिनिन मोजून कळतं. फारच कमी निघालं, तर माणूस मान्य करो न करो, एखाद-दुसरी वेळ हुकलेली असते.

रक्तातली तपासणी आल्यावर हा उपद्व्याप हवाच कशाला, असं मलाही वाटायचं. निदानाच्या चाळणीपुरतं ते बरंचसं खरं आहे. २००९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार सीरम इलेक्ट्रोफोरेसिस, सीरम इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन हे त्रिकूट चाळणीला पुरतं. एक अपवाद अमायलॉइडोसिसचा, तिथे लघवीचं इम्युनोफिक्सेशनही करायचं. चाळणीत लघवी रक्ताच्या मागे का पडते, त्याचं कारण मूत्रपिंडातच आहे. गाळलेल्या लाइट चेन मूत्रपिंडाच्या नलिका परत शोषून पचवून टाकतात. निरोगी माणसाच्या लघवीत दिवसाला जेमतेम काही मिलिग्रॅम उतरतात. नलिकांची ही ताकद संपेपर्यंत लघवी शांत दिसते आणि रक्तात मात्र आकडा कधीच चढलेला असतो. आणखी एक गंमत अशी की मूत्रपिंड पार थकलं की गाळणंच कमी होतं, मग आजार वाढत असूनही लघवीतला आकडा घटू शकतो.

पण निदान झाल्यावर कॅन पुन्हा कामाला येतो. काकांच्या चोवीस तासांच्या लघवीत ३.४ ग्रॅम प्रोटीन निघालं. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये त्यातला अल्ब्युमिनचा वाटा किरकोळ. बाकी सगळी एकच दाट रेघ, आणि इम्युनोफिक्सेशनमध्ये ती सुटी लॅम्डा ठरली. याचा अर्थ नलिकांमध्ये लाइट चेनचे साचे अडकून मूत्रपिंड तुंबत असण्याची शक्यता दाट. हेच ३.४ ग्रॅम मुख्यतः अल्ब्युमिन असते, तर संशय गाळणीकडे, म्हणजे अमायलॉइड, लाइट चेनचे थर किंवा अगदी साध्या मधुमेहाकडे वळला असता. एकूण ग्रॅम सारखे, रोग वेगळे. हे वेगळेपण रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही.

५. वाढलेला रेशो दरवेळी कॅन्सर नसतो. कधी कधी ते नुसतं मूत्रपिंडाचं दुखणं असतं. हे मला आमच्या छत्तीसगडाने शिकवलं. गरियाबंद जिल्ह्यातलं सुपेबेडा हे गाव मूत्रपिंडाच्या आजारापायी सगळ्या राज्यात माहीत झालंय. तसल्या दुखण्यांचे रुग्ण उपचाराला रायपूरलाच येतात. मधुमेहाने मूत्रपिंड गमावलेले तर गल्लोगल्ली आहेत. अशाच एका बाईंचा रिपोर्ट: कॅपा ९६, लॅम्डा ४०, रेशो २.४, शेजारी 'हाय'. क्रिएटिनिन ३.४. सून रडवेली झालेली.

प्लाझ्मा पेशी मुळात कॅपा जवळजवळ दुप्पट बनवतात. तरी निरोगी माणसाच्या रक्तात लॅम्डा किंचित जास्तच सापडते. कारण कॅपा एकटी फिरते, लॅम्डा बहुधा जोडीने. देवळाच्या अरुंद दारातून एकटा माणूस चटकन निसटतो, जोडपं हात धरून असलं की अडतं. तसंच मूत्रपिंडाच्या गाळणीत होतं. कॅपा काही तासांत बाहेर, लॅम्डा मागे रेंगाळलेली. मूत्रपिंड निकामी होत गेलं की दार दोघांनाही बंद. मग रक्तातलं प्रमाण मूळ उत्पादनाच्या जवळ जातं आणि रेशो आपोआप वर सरकतो. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ०.३७ ते ३.१ ही वेगळी मर्यादा सुचवली गेली. पुढे आइसलँडमधल्या मोठ्या पाहणीतून, २०२२ मध्ये, मूत्रपिंडाचं काम किती उरलंय त्यानुसार निरनिराळ्या मर्यादा आल्या. काम अगदी कमी उरलं असेल तर ०.५४ ते ३.३०.

बाईंचा २.४ दोन्हीकडे आत बसतो. कॅपा-लॅम्डा दोन्ही वाढलेले, कोणीही दुसऱ्याला दाबलेलं नाही. इम्युनोफिक्सेशन निरंक. अजून एक खूण मी नेहमी शोधते: घराणं बिघडलेलं असेल तर दुसरी बाजू पुष्कळदा खाली गेलेली असते, काकांच्या ८.२ कॅपासारखी साधारण किंवा त्याहून कमी. मूत्रपिंडामुळे असेल, तर दोन्ही बाजू वर. जंतुसंसर्ग, संधिवात, यकृताचे जुने आजार यांतही दोन्ही बाजू मिळूनच वाढतात. सुनेला सांगितलं, घाबरू नका, पण तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघू. त्या मर्यादा मुख्यतः एका विशिष्ट किटवर ठरलेल्या आहेत, तेव्हा दुसऱ्या किटच्या आकड्याला त्या डोळे मिटून लावायच्या नाहीत, हे मी स्वतःलाच पुटपुटले. त्या बिचारीला ते सांगून काय उपयोग?

६. किट बदललं की आकडा बदलतो, आणि एकक बदललं की काळीज. मूळची तपासणी २००१ च्या सुमारास इंग्लंडमधून आली. तिच्यात अनेक प्रकारच्या अँटिबॉडीजचं मिश्रण वापरतात. दहा वर्षांनी आलेल्या दुसऱ्या एका किटमध्ये एकजिनसी अँटिबॉडीज आहेत. दोघांचे आकडे एकमेकांना लावून बघायचे नाहीत. त्यातच काही लॅबा मिलिग्रॅम प्रति लिटर छापतात, काही प्रति डेसिलिटर. काका मधे मुलीकडे नागपूरला राहिले, तिथे लॅम्डा २३८ आला. २४६० वरून २३८! फोनवर पेढ्यांची भाषा सुरू झाली. एकक विचारलं, तर प्रति डेसिलिटर. म्हणजे २३८०. औषध तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं.

फार मोठा आकडा असतानाच कधी कधी उलटाही खेळ होतो. लाइट चेन इतक्या जास्त की किटमधल्या अँटिबॉडीज अपुऱ्या पडतात, गढूळपणा तयारच होत नाही आणि यंत्र खुशाल कमी आकडा देतं. म्हणून लघवीत दाट रेघ आणि रक्तात मामुली आकडा असा बेबनाव दिसला, तर मी लॅबला नमुना आणखी पातळ करून पुन्हा चालवायला सांगते. पलीकडचा माणूस कधी कधी वैतागतो. वैतागू दे.

७. उपचारात रेशो सगळ्यात शेवटी शहाणा होतो. लाइट चेनचं आयुष्य काही तासांचं, मूत्रपिंड खराब असेल तर दोन-तीन दिवसांचं. अख्ख्या आयजीजी अँटिबॉडीचं अर्धं प्रमाण उतरायलाच तीन आठवडे लागतात. म्हणून औषध लागू पडलं की नाही, हे लाइट चेनमध्ये लवकर कळतं. मूत्रपिंड तुंबलेल्या रुग्णात पहिल्या तीन आठवड्यांत आकडा किमान साठ टक्के उतरला, तर मूत्रपिंड सावरण्याची आशा चांगली, असं दिसून आलंय. काकांना बोर्टेझोमिब सुरू झालं. तीन आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, त्याच किटवर, लॅम्डा ७१०. साठ टक्क्यांची वेस ९८४ वर होती, ती ओलांडली. क्रिएटिनिनही १.६ वर आलं.

पुढे लॅम्डा ३४ वर आला, तर कॅपा ३.१. रेशो ०.०९, अजूनही मर्यादेबाहेर, अजूनही शेजारी तेच 'लो'. मुलाने आता मला न विचारता मागच्या कागदावर पेनने वजाबाकी केली होती: चौतीस वजा तीन पूर्णांक एक. तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याला फरकच बघायला शिकवलं होतं, कारण औषधाने चांगल्या पेशीही दबतात, कॅपा नको तितकी खाली जाते आणि रेशो विनाकारण वाकडा दिसत राहतो. "ताई, एकतीस आहे," तो म्हणाला. "मागच्या वेळी नव्वद होता." पुढचा कॅन घ्यायला त्याला सोमवारी बोलावलंय, पेटीतला बर्फ त्याने स्वतःच आणायचा, असं ठरलंय.